एक ‘आहे’, दोन क्रियापदं

स्पेनमधल्या हॉटेलात कोणी सूप मागवलं आणि ते गार निघालं, तर तक्रार करताना ‘ला सोपा एस्ता फ्रीआ’ असं म्हणावं लागतं. ‘ला सोपा एस फ्रीआ’ म्हटलं, तर वेटर फार तर मान डोलावेल. हे सूप गारच प्यायचं असतं, एवढाच त्याचा अर्थ. आंदालुसिया प्रांतातलं गास्पाचो हे टोमॅटोचं सूप तसंच असतं. मराठीत दोन्हीकडे ‘सूप गार आहे’ असंच येईल.

यातलं ‘एस’ हे ‘सेर’ या क्रियापदाचं रूप, तर ‘एस्ता’ हे ‘एस्तार’चं. शिकणाऱ्यांना बहुधा पहिल्याच आठवड्यात एक नियम मिळतो: कायमचं ते ‘सेर’, तात्पुरतं ते ‘एस्तार’. हा नियम फार लांब जात नाही. माद्रिद शहर कुठे हलणार नाही, तरी ते स्पेनमध्ये आहे हे सांगायला ‘एस्तार’च लागतं. माणूस मेला आहे, हेही ‘एस्ता म्वेर्तो’. उलट, तीन वाजले आहेत ही तासाभरात शिळी होणारी गोष्ट, पण तिथे ‘सेर’.

कोडं सुटतं ते शब्दांच्या मुळापाशी. ‘एस्तार’ आलं लॅटिनमधल्या ‘स्तारे’वरून, म्हणजे उभं राहणं. संस्कृतातला ‘स्था’ धातू याच कुळातला. आपले ‘स्थान’ आणि ‘स्थिती’ हे शब्द त्याचेच. ‘एस्तार’ची मुख्य कामंही नेमकी हीच: वस्तू कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, ते सांगणं. मरण ही बदलातून आलेली स्थिती. ती कायमची आहे की नाही, हा प्रश्नच येत नाही. ‘एस’ हे रूप मात्र ‘अस्ति’चं नातेवाईक. ते वस्तू मुळात काय आहे, कोणत्या प्रकारची आहे, हे सांगतं.

त्यामुळे तेच विशेषण क्रियापद बदललं की वेगळंच बोलू लागतं. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार आहे. ‘आबुर्रीदो’ला ‘सेर’ जोडलं तर माणूस कंटाळवाणा ठरतो, ‘एस्तार’ जोडलं तर कंटाळलेला. सफरचंद ‘एस वेर्दे’ म्हणजे रंगाने हिरवं. ‘एस्ता वेर्दे’ असेल तर बहुधा अजून कच्चं.

कौतुकातही जपावं लागतं. ‘एस ग्वापा’ म्हणजे ती देखणी आहे. ‘एस्ता ग्वापा’ म्हणजे आत्ता, या कपड्यांत छान दिसते आहे. मुलाखतीसाठी नटूनथटून निघालेल्या मैत्रिणीला दुसरं वाक्य अधिक शोभतं.

स्थानाच्या नियमाला एक अपवाद आहे. वस्तू ‘एस्तार’ने असते, पण कार्यक्रम ‘सेर’ने होतो. ‘दोन्दे एस एल एक्सामेन?’ असं विचारलं तर उत्तरात परीक्षेची खोली कळते. तिथे ‘एस्ता’ घातलं, तर समोरचा प्रश्नपत्रिकेचा कागद शोधू लागतो.