फोटोच्या जागी बाहुली

गेल्या दिवाळीत पाडव्याला सांगलीहून आईचा फोन आलाच नाही. शेवटी मीच लावला.

"अगं, तुझा फोटोच सापडेना! तिथे कुणी बाहुली बसलीय."

आईच्या फोनमधली नावं भाच्याने इंग्रजीत भरलेली. ती चेहरा बघून फोन लावते. आणि मी आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर माझ्या फोटोऐवजी स्वतःचा अवतार लावला होता!

ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये आली. सेटिंग्जमध्ये 'अवतार' उघडून त्वचेचा रंग, केस, चष्मा, कपडे निवडायचे आणि सेव्ह करायचं. मग तीच बाहुली प्रोफाइलला लावता येते आणि चॅटमध्ये तिचे हसणारे, रडणारे, हात हलवणारे स्टिकर तयार मिळतात. पुढे आपला चष्मा बदलला तर अवतारात एकदाच बदलायचा, नवे स्टिकर त्याप्रमाणे येतात.

आता मी वाटणी केली आहे. प्रोफाइलवर खरा चेहरा, गप्पांत बाहुली. परवा चुकून रडणारा स्टिकर गेला, तर दोन मिनिटांत आईचा फोन: "बाहुली का रडतेय गं?"