तंबाखूचा बार जिथे ठेवला जातो, तिथेच आधी बघायचं: तोंडाच्या कर्करोगाची लक्षणं आणि तंबाखू सोडण्याची रीत

तंबाखू खाणाऱ्या माणसाला ‘बार कुठे लावता?’ असं विचारलं, तर तो लगेच गालाच्या एका बाजूला बोट ठेवतो. डावीकडे किंवा उजवीकडे, खालची हिरडी आणि गाल किंवा ओठ यांच्यामधली खाच. ही जागा वर्षानुवर्षं तीच असते, आणि तोंडाचा कर्करोग बऱ्याचदा त्याच जागेपासून सुरू होतो. म्हणजे नेमकं कुठे बघायचं, हे खाणाऱ्याला आधीच माहीत असतं. तरी तो तिथे बघत नाही, कारण सुरुवातीला तिथे काहीच दुखत नाही.

असं का होतं? तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची कर्करोग घडवणारी रसायनं असतात. मळलेली तंबाखू गालात तासभर राहिली, की ही रसायनं लाळेत मिसळून त्या जागेच्या नाजूक अस्तराला सतत लागत राहतात. चुन्यामुळे निकोटीन लवकर रक्तात जातं, म्हणून तलफ भागल्यासारखी वाटते. पण तोच चुना अस्तर भाजून काढतो. रात्री बार गालात ठेवूनच झोपणाऱ्यांचं तोंड सर्वात जास्त वेळ या माऱ्यात असतं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि तोंड धुतलंही जात नाही. मिश्री लावणाऱ्या बायकांना ‘आम्ही तंबाखू खात नाही’ असं वाटतं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती हिरड्यांवर रोज चोळली जाते.

‘तोंड आलंय’ आणि हे वेगळं कसं ओळखायचं?

घोटाळा इथेच होतो. तोंडात काहीही झालं की ‘उष्णता झाली, तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या जातात, मलम लावलं जातं आणि दोन-तीन महिने निघून जातात.

नेहमीचं तोंड येणं चांगलंच झोंबतं. फोड लहान, गोल, कडेला लालसर असतो, आणि एक-दोन आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. कर्करोगाची जखम याच्या उलट वागते. ती एकाच जागी राहते, सुरुवातीला दुखत नाही किंवा फार थोडी दुखते, तिच्या कडा उचललेल्या आणि बोटाला टणक लागतात. ब्रश लागला की रक्त येतं. म्हणून तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवायलाच हवी. टोकदार दात लागूनही जखम होते. तसं वाटलं तर दात घासून घ्यावा, पण त्यानंतरही दोन आठवड्यांचाच हिशोब ठेवावा.

जखम होण्याच्या आधीही तोंड काही खुणा देतं. बार ठेवण्याच्या जागी पांढरा, खरखरीत चट्टा दिसतो, आणि तो ओल्या कापडाने पुसला तरी निघत नाही. लाल, मखमलीसारखा चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा असतो. तिसरी खूण सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांमध्ये दिसते. तिखट सहन होईनासं होतं, गाल आतून ताठ होतात आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. याची घरची चाचणी सोपी आहे. आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालावीत. तीन बोटं जात नसतील, तर तोंड आखडू लागलं आहे, असं समजावं.

याशिवाय दात एकाएकी हलू लागणं, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, गिळताना दुखणं, तोंडात काही दिसत नसताना एकाच बाजूचा कान ठणकणं आणि जबड्याखाली किंवा मानेत न दुखणारी गाठ येणं, या पुढच्या खुणा आहेत. हलणारा दात काढला आणि त्याची खाच महिना झाला तरी भरत नाही, असं दिसलं तर दातापेक्षा हिरडीत काही आहे का, ते तपासावं लागतं.

आरशासमोर पाच मिनिटं

महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, हात धुऊन आणि चूळ भरून हे करावं. मोबाइलचा टॉर्च पुरतो. कवळी असेल तर काढावी. आधी बार ठेवण्याची बाजू: खालचा ओठ पुढे ओढून आणि गाल बोटाने बाजूला करून ती खाच शेवटच्या दाढेपर्यंत बघावी. मग दुसरी बाजू. जीभ बाहेर काढून रुमालाने धरावी आणि दोन्ही कडा बघाव्यात. जीभ टाळूला लावून तिच्या खालची जागा बघावी, शेवटी डोकं मागे करून टाळू.

नुसतं बघून भागत नाही. जिथे शंका वाटेल तिथे बोट फिरवावं. मऊ अस्तरात मसुराएवढा टणकपणाही बोटाला कळतो, डोळ्याला कळत नाही. मग जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना चाचपावं.

एक उदाहरण

समजा, रात्रपाळी करणारा एक चाळिशीचा सुरक्षारक्षक आहे. वीस वर्षं तंबाखू-चुना, दिवसाला दहा बार, जागा डावा गाल. आरशात त्याला तिथे अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा दिसतो. दुखत नाही. अशा वेळी बहुतेक जण एक गोष्ट करतात. ते बार उजवीकडे लावू लागतात. डावीकडचा चट्टा थोडा फिका पडतो आणि बरं वाटलं असं समजून विषय संपतो. प्रत्यक्षात आता दोन्ही बाजू धोक्यात आलेल्या असतात.

त्याने जायचं ते जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात किंवा जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी महाविद्यालयं आहेत. डॉक्टर चट्टा बघतात आणि शंका वाटली तर बायोप्सी सांगतात. जागा बधिर करून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती खरी नाही. पसरतो तो वेळ गेल्यामुळे. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि उथळ असताना सापडली, तर अनेकदा फक्त शस्त्रक्रियेवर भागतं. ती मानेतल्या गाठींपर्यंत गेली, की मानेचीही शस्त्रक्रिया येते, बऱ्याचदा जबड्याचा भाग काढावा लागतो आणि रेडिएशनही घ्यावं लागतं. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, त्यामुळे खर्चाच्या धास्तीने तपासणी पुढे ढकलू नये.

समजा, या सुरक्षारक्षकाच्या अहवालात कर्करोग नाही, पण पेशी बदलायला लागल्या आहेत, असं आलं. डॉक्टर सांगतात ते दोनच: तंबाखू पूर्ण बंद, आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा दाखवायचं. तंबाखू बंद केल्यावर असे चट्टे कमी होतात, कधी पूर्ण जातात. पण चट्टा गेला तरी तपासणी सोडायची नसते.

सोडायची कशी?

पहिले तीन-चार दिवस त्याने काहीच सोडायचं नाही. फक्त प्रत्येक बार कधी आणि कशासाठी लावला, ते लिहायचं. दहापैकी चार बार सवयीचे निघतात: चहानंतर, मोबाइल बघताना, कुणी डबी पुढे केली म्हणून. तीन बार रात्री झोप घालवायला. आणि एक सर्वात अवघड, पहाटे उठल्या उठल्या पोट साफ व्हायला लावलेला.

हा शेवटचा बार अनेकांना परत तंबाखूकडे नेतो. निकोटीन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे तंबाखू सुटल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणं अगदी नेहमीचं आहे. ते आधीच माहीत असेल तर माणूस घाबरत नाही. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, सकाळी दोन पेले पाणी आणि थोडं चालणं, ही तयारी सोडण्याच्या दोन दिवस आधीपासून करावी.

मग तारीख ठरवायची, शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशीची. त्या रात्री डबी, चुना, खिशातल्या पुड्या सगळं टाकायचं. ‘अडीअडचणीला एक’ ठेवलेली पुडीच पहिल्या आठवड्यात बाहेर येते. चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी घोट घोट पिणं, जागेवरून उठणं, दीर्घ श्वास घेणं पुरतं. गालाला काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा चालतो. सुपारी चालत नाही. तंबाखूशिवायची साधी सुपारीही कर्करोग घडवते, म्हणून मुखवास घेताना त्यात सुपारी नाही ना, हे बघून घ्यावं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल, तर निकोटीनचं व्यसन पक्कं आहे. अशांना निकोटीन गम उपयोगी पडतो. २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो, पण बहुतेक जण तो साध्या च्युइंगगमसारखा खातात. मग उचकी लागते, छातीत जळजळतं आणि ‘हे जमत नाही’ म्हणून गम सुटतो. बरोबर पद्धत अशी: झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचा, मग गालात ठेवून द्यायचा, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा थोडा चावायचा, असं अर्धा तास. त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा किंवा सरबत नको, कारण त्यामुळे निकोटीन शोषलं जात नाही. गम दोन-तीन महिन्यांत कमी करत बंद करायचा असतो. तोंड उघडत नसेल तर डॉक्टर गमऐवजी निकोटीनची पट्टी सुचवू शकतात. गरोदर बायकांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये.

तंबाखूच्या पुडीवर एक मोफत नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मदतवाहिनी. तिथे समुपदेशक बोलून तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर पुन्हा फोन करून विचारपूस करतात.

लग्नात, पाळीवर, गावी गेल्यावर एखादा बार लागलाच, तर सगळं पाण्यात गेलं असं नसतं. तो कधी, कुणासोबत लागला ते त्याच वहीत लिहावं, आणि दुसऱ्या दिवशी डबी घेऊ नये. डाव्या गालातली ती जागा मात्र दर महिन्याला बघत राहायची, सोडून पाच वर्षं झाली तरी.