गच्चीवरचा रिपीटर आणि कमिटीला लिहायचं पत्र

“माझ्या फ्लॅटमध्ये मोबाइलला रेंज येत नाही, तरी गच्चीवर स्वखर्चाने सिग्नल रिपीटर बसवण्याची परवानगी मिळावी.” पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूने असा अर्ज दिला, तर मुंबई-पुण्यातल्या बहुतेक कमिट्या दोनच प्रश्न विचारतील: गच्चीला भोकं पाडणार का, आणि वीज कोणाच्या मीटरची? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण खरी अडचण ‘स्वखर्चाने’ या शब्दात आहे.

रिपीटरचे तीन भाग असतात. गच्चीवरचा अँटेना टॉवरकडे तोंड करून सिग्नल पकडतो, मधलं यंत्र तो वाढवतं आणि घरातला छोटा अँटेना तो खोलीत पसरवतो. तिन्हींना कोअॅक्सिअल केबल जोडते. सिग्नल मोजतात डीबीएममध्ये, आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत, सिमच्या स्थितीखाली तो बहुधा सापडतो. समजा, गच्चीवर उणे ८० आणि पहिल्या मजल्याच्या बेडरूममध्ये उणे ११५ दिसतं. फरक ३५ डेसिबलचा, म्हणजे खाली पोचेपर्यंत सिग्नलची शक्ती सुमारे तीन हजार पटींनी घटली. अशा ठिकाणी रिपीटरचा उपयोग होतो. गच्चीवरच उणे ११५ असेल तर वाढवायला मुळात काही नाहीच. तेव्हा आधी वर जाऊन मोजून यावं.

आता अडचण. रिपीटर टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत आणतो, तसाच आपल्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत नेतो. घरातला अँटेना गच्चीवरच्या अँटेनाला ‘ऐकू’ जाऊ लागला, तर यंत्र स्वतःचाच सिग्नल पुन्हा पुन्हा वाढवतं. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते, तेच. फक्त ही शिट्टी कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. मग त्या टॉवरवर विसंबून असलेल्या आसपासच्या लोकांचे कॉल तुटू लागतात, आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण रिपीटर लावलेल्याच्या फोनवर कांड्या भरपूर दिसत असतात. टाळायचं तर दोन अँटेनांमधला अडसर यंत्राच्या वाढीपेक्षा साधारण १५ डेसिबलने जास्त लागतो. मधे स्लॅब असले, अंतर असलं तर तो मिळतो. वरच्या मजल्यावर, अँटेनाच्या थेट खाली, तो मिळणं कठीण.

म्हणूनच भारतात मोबाइलचा रिपीटर बसवण्याचा अधिकार परवानाधारक मोबाइल कंपनीलाच आहे. ऑनलाइन मिळणारं यंत्र स्वतः लावणं बेकायदा आहे, आणि कमिटीने शिक्का मारून होकार दिल्याने ते कायदेशीर होत नाही. उलट कारवाई झाली, तर त्या होकाराबद्दल कमिटीलाच जाब द्यावा लागेल.

तेव्हा अर्जाची मागणीच बदलायला हवी. शिवाय भाडेकरू हा संस्थेचा पूर्ण सभासद नसतो, म्हणून पत्रावर घरमालकाची संमती हवी. साधारण असं लिहिता येईल:

प्रति,
मा. सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: मोबाइल कंपनीमार्फत गच्चीवर रिपीटर बसवण्याबाबत

महोदय,
मी पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरात सिग्नल उणे ११५, गच्चीवर उणे ८० मिळतो. मी कंपनीकडे तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक सोबत जोडला आहे. कंपनीने पाहणी करून स्वतःचा रिपीटर बसवण्याची तयारी दाखवल्यास गच्चीवर जागा व डक्टमधून केबल नेण्याची परवानगी मिळावी. स्लॅब व कठड्याला छिद्र पाडले जाणार नाही. अँटेना वजनी स्टँडवर राहील. वीज माझ्या मीटरवरून घेईन. मी घर सोडताना यंत्र काढायचे की ठेवायचे, हे संस्थेने ठरवावे. घरमालकांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे.
आपला विश्वासू

यातलं वजनी स्टँडचं वाक्य सर्वांत कामाचं. वॉटरप्रूफिंगला एकदा ड्रिल लागलं की पावसाळ्यात वरच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, आणि त्यानंतर संस्थेत रिपीटर हा विषय काढायची सोय राहत नाही.

एका फ्लॅटसाठी कंपनी रिपीटर बसवेलच असं नाही. तो तिच्या मर्जीचा भाग आहे. त्याच जिन्यातल्या चार-पाच घरांचीही तक्रार असेल, तर पत्र त्यांच्याही सह्यांनी द्यावं आणि कंपनीला अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करायला सांगावं. इमारतीचा अर्ज एकट्या भाडेकरूच्या अर्जापेक्षा जड पडतो. कंपनीने तक्रार नुसतीच बंद केली, तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्यासाठी तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

आणि घरात ब्रॉडबँड असेल, तर पत्र टाइप करण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करून पाहावं. कॉल वायफायवरून जातो, टॉवर लागत नाही. फोन आणि कंपनी दोघांची सोय हवी, वीज गेली की राउटरबरोबर तेही जातं; पण कित्येक घरांत अडचण एवढ्यावरच मिटते आणि गच्चीची किल्ली मागायची वेळ येत नाही.