तात्यांचं पत्र आणि पाच प्रश्न

प्रौढ साक्षरता वर्गात बाराखडी संपली की खरी अडचण सुरू होते. अक्षरं ओळखता येतात, पण वाचलेलं कळलं की नाही, हे कसं ठरवायचं? त्यासाठी छोटी गोष्ट आणि तिच्याखाली चार-पाच प्रश्न, ही जुनी आणि उपयोगी रीत आहे. अशाच धड्यासाठी रचलेली ही एक गोष्ट पाहू.

रत्नागिरीकडच्या एका गावातले तात्या सत्तरीचे. मुलगा संतोष मस्कतला कामाला. त्याचं पत्र आलं की शेजारचा मुलगा ओटीवर बसून मोठ्याने वाचायचा आणि सगळं घर ऐकायचं. पुढे तात्या साक्षरता वर्गाला जाऊ लागले. एके दिवशी त्यांनी नवं पत्र स्वतःच उघडलं.

‘तात्या, मी मस्कतला ठीक आहे. मागच्या महिन्यात काम कमी होते. म्हणून पैसे कमी पाठवले. बँकेचे कर्ज पुढच्या महिन्यात फेडू. हे आईला आत्ताच सांगू नका. गणपतीला घरी येतो. गुडघ्याला तेल लावता ना?’

यातला ‘तात्या’ हा शब्द त्यांना लगेच येतो, पण तेवढ्याने ते वाचतात असं म्हणता येत नाही. स्वतःचं नाव पुष्कळांना चित्रासारखं पाठ असतं. शिकवणाऱ्याने शेजारी ‘आत्या’ लिहून पाहावं. तोही शब्द वाचता आला, तर अर्धा ‘त’ समजला. तात्या थांबून पुन्हा ‘तात्या’च म्हणाले, तर ते अंदाजाने बोलत आहेत.

दुसरा अडथळा ‘कर्ज’ या शब्दाचा. रफार लिहायचा ‘ज’च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र ‘ज’च्या आधी. त्यामुळे नवा वाचक ‘कज’ म्हणून पुढे सरकतो किंवा ‘कजर’ म्हणतो. अशा वेळी नियम पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा अर्ज, वर्ग, मार्च, खर्च हे रोजचे शब्द एकाखाली एक लिहून वाचायला द्यावेत. हाताने लिहिलेल्या पत्रात आणखी एक गोची होते. ‘ख’ सुटा लिहिला गेला, तर तो ‘रव’ दिसतो. म्हणून हाच मजकूर आधी छापील आणि मग हस्ताक्षरात देणं बरं.

आता प्रश्न. पहिला: संतोष कुठे काम करतो? दुसरा: त्याने पैसे कमी का पाठवले? दोन्हींची उत्तरं पत्रातच आहेत आणि वाक्यावर बोट ठेवून दाखवता येतात. दुसऱ्यासाठी मात्र दोन वाक्यं जोडावी लागतात. ‘म्हणून’ या शब्दाचं काम इथे कळतं.

तिसरा प्रश्न: संतोष उन्हाळ्यात येणार की पावसाळ्यात? पत्रात पाऊस कुठेच नाही. पण गणपती भाद्रपदात बसतात, हे तात्यांना कोणी शिकवावं लागत नाही. वाचलेलं आणि माहीत असलेलं एकत्र आणता येतं का, हे हा प्रश्न तपासतो. मोठ्या माणसांच्या वर्गात असा प्रश्न हवाच, कारण अनुभव ही त्यांची शिदोरी असते. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी 1963 साली आंगिकोस गावातल्या शेतमजुरांना शिकवताना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांपासून सुरुवात केली, ती याच विश्वासावर.

चौथा प्रश्न या धड्याचा गाभा आहे. हेच पत्र शेजारच्या मुलाने ओटीवर वाचलं असतं, तर काय झालं असतं? आईला नेमकं तेच ऐकू गेलं असतं, जे संतोषला तिच्यापासून थोडे दिवस लपवायचं होतं. ज्याला वाचता येत नाही, त्याला खाजगी पत्र येऊच शकत नाही. धड्यात हे कुठेही लिहिलेलं नाही. शिकणारा स्वतः तिथवर पोचला, तर त्याला पत्र कळलं.

गोष्ट दोनदा ऐकली की उत्तरं पाठ होतात, हा या पद्धतीचा मोठा धोका. त्यावर सोपा उपाय म्हणजे मस्कतऐवजी दुबई आणि गणपतीऐवजी शिमगा लिहून तेच पत्र पुन्हा द्यायचं. जुनीच उत्तरं आली, तर डोळे कागदावर नव्हते.

केंद्राच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी 150 गुणांची चाचणी असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण. त्यातल्या लेखनाची तयारी पाचवा प्रश्न करून घेतो: तात्यांच्या जागी तुम्ही असता, तर उत्तरात काय लिहिलं असतं? कोणी म्हणेल, बायकोपासून लपवणार नाही. कोणी लिहील, पैशांची काळजी करू नकोस. दोन्ही चालतात. तीन ओळीही पुरतात, मात्र त्यातली निदान एक ओळ संतोषने लिहिलेल्या एखाद्या गोष्टीला धरून असायला हवी.