एका मिनिटातले पन्नास श्वास

आठ महिन्यांचं, सात किलो वजनाचं एक बाळ डोळ्यांसमोर आणा. दोन दिवस सर्दी-खोकला, अंगात ताप. आई म्हणते, "रात्रीपासून पोट उडतंय." आशाताई येते, बाळाला आईच्या मांडीवरच राहू देते आणि झबलं छातीपर्यंत वर करते. बाळ रडत असेल तर थांबते, दूध पीत असेल तरी थांबते, कारण दोन्ही वेळी श्वासाची गती बदलते. ते शांत झालं की घड्याळ लावते आणि पोटाकडे पाहत राहते. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण मिनिट संपतं तेव्हा आकडा येतो बासष्ट.

निरोगी बाळाचे शांतपणे मोजलेले श्वास मिनिटाला पस्तीस-चाळीसच्या आसपास असतात. बासष्टचा अर्थ तासाला 3,720 आणि दिवसाला जवळजवळ नव्वद हजार. आपण मोठी माणसं दिवसभरात वीस-पंचवीस हजार श्वास घेतो. म्हणजे सात किलोचं हे शरीर आपल्या चौपट वेळा छाती हलवतंय, आणि तेही दूध धड पोटात जात नसताना. फुप्फुसाचा काही भाग पू आणि पाण्यानं भरला की ते कडक होतं, एका श्वासात पुरेशी हवा मावत नाही. मग शरीर छोटे छोटे श्वास जास्त वेळा घेऊन ती तूट भरून काढतं. म्हणूनच स्टेथोस्कोप आणि एक्सरे नसलेल्या गावात न्यूमोनिया नुसता मोजून ओळखता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी ठरवलेल्या रेषा अशा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त. खोकला किंवा श्वासाचा त्रास असताना गती या रेषेवर गेली की न्यूमोनिया धरायचा.

इथे एक चूक फार होते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करण्याची. आठ महिन्यांच्या बाळाचे अर्ध्या मिनिटात 24 श्वास भरले तर उत्तर 48, म्हणजे औषध नाही. 25 भरले तर 50, म्हणजे औषध. एका श्वासाची चुकामूक आणि निर्णय उलटा. लहान बाळांचा श्वास तसाही एकसारखा नसतो, मध्येच भराभर चालतो, मध्येच थबकतो. म्हणून पूर्ण साठ सेकंदच मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि आकडा 60 वर गेला तर पुन्हा एकदा मोजायचे.

हे मोजायचं कुणी, हा प्रश्न गडचिरोलीत 1980च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे आला. बाळांजवळ सगळ्यात आधी पोहोचायच्या त्या गावातल्या दाई. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पन्नासपर्यंत मोजताही येत नव्हतं. दहापर्यंत मात्र येत होतं. मग एक मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्याजवळ मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, एक मोठ्यांसाठी, असं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया. पन्नास हा आकडाच त्यातून गेला, उरले फक्त दहा आणि मणी. आजारांवरच्या साधनांत इतकं देखणं साधन मला दुसरं माहीत नाही.

58 गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी आणि दाईंनी न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे तोंडानं घ्यायचं औषध दिलं. तुलनेसाठीच्या 44 गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. उपचार मिळालेल्या 612 आजारांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं, तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. 612ला 13.5 टक्के लावून पाहा: 83 मुलं. 0.8 टक्के लावा: पाच. हा ढोबळ हिशेब आहे, दोन्हीकडची आजारी मुलं अगदी एकसारखी होती असं नाही. पण उपचाराच्या गावांतल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यूही निम्म्याहून कमी होते: हजारी 17.5च्या जागी 8.1.

आज पहिली पसंती अमॉक्सिसिलिनची. आपल्या बाळाचा हिशेब मांडू. पाण्यात विरघळणारी 250 मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, पाच दिवस. दहा गोळ्या, एकूण अडीच ग्रॅम औषध, म्हणजे अर्धा चमचा साखर भरेल इतकं. चमच्यात थोडं स्वच्छ पाणी किंवा आईचं दूध घ्यायचं, गोळी त्यात विरघळली की पाजायची. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा तेवढीच. तिसऱ्या दिवशी श्वास परत मोजायचे. गती उतरली, ताप कमी झाला, बाळ दूध ओढू लागलं, तर औषध लागू पडतंय. नाही तर दवाखाना. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत, आणि उरलेल्या भावंडाला द्यायच्या नाहीत.

या पद्धतीची मर्यादाही मोठी आहे. भराभर श्वास विषाणूनं होतो, दम्यानं होतो, नुसत्या तापानंही होतो. कराचीच्या गरीब वस्त्यांत काही मुलांना अमॉक्सिसिलिन आणि काहींना नुसती बिनऔषधी मात्रा देऊन पाहिली. 2020 साली आलेल्या त्या निष्कर्षांत बिनऔषधी गटात 4.9 टक्के मुलांचा उपचार फसला, औषधाच्या गटात 2.6 टक्के. म्हणजे एका मुलाचा फसणारा उपचार वाचवायला 44 मुलांना औषध द्यावं लागतं. पण ते एक मूल कोणतं, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. दवाखाना दिवसभराच्या वाटेवर असेल तर चव्वेचाळीसही मुलांना द्यावं, असं माझं मत आहे.

जगात न्यूमोनियानं दर वर्षी पाच वर्षांखालची सात लाखांहून अधिक मुलं जातात. दिवसाला सुमारे दोन हजार. आशाताईचं ते एक मिनिट मोजून होईपर्यंत कुठेतरी एक मूल गेलेलं असतं.

घरी बाळ खोकत असेल तर आजच झबलं वर करून पूर्ण मिनिट मोजा. आकडा रेषेवर असेल तर त्याच दिवशी आशाताईला किंवा डॉक्टरांना दाखवा, मनानं गोळ्या आणू नका. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर तोही न्यूमोनियाच, तेव्हा आकडा किती आला याची वाट पाहू नका. बाळ दूध घेत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील, हाक मारून उठत नसेल, शांत असतानाही श्वास आत घेताना घरघर आवाज येत असेल, किंवा ते दोन महिन्यांपेक्षा लहान असून भराभर श्वास घेत असेल, तर मोजत बसू नका. 108 ला फोन करा आणि निघा.