दुबईचं ऑफर लेटर मराठीत उतरवताना : बत्तीस हजारातले हातात किती?

दोडामार्ग : काजूच्या बागेतून घरी परतलो तर शेजारचे काका मोबाईल घेऊन ओट्यावर बसलेले. त्यांचा मुलगा गोव्यात एका कंपनीत कामाला आहे. कंपनीने त्याला दुबईच्या शाखेत घ्यायचं ठरवलं आणि ऑफर लेटर पाठवलं. तीन पानं, सगळी इंग्रजीत, मध्ये दोन तक्ते. काका म्हणाले, "हे बत्तीस हजार म्हयन्याचे काय वर्साचे, तेवढां बघ."

बत्तीस हजार दिरहम होते, पण वर्षाचे. घरात तोवर बाराने भागून महिना २,६६७ दिरहम असा हिशोब झाला होता. तोही चुकीचाच निघाला.

अशा पत्राचं मराठी करताना मी आधी तक्ता घेतो, मजकूर नंतर. वहीत तसाच तक्ता आखायचा, ओळीला ओळ. आकडे जसेच्या तसे, चलनही तेच. रुपये शेजारी लिहायचे नाहीत. दर रोज बदलतो, आणि एकदा रुपयाचा आकडा दिसला की घरातली माणसं बाकी काही वाचतच नाहीत. मी एक रकाना मात्र स्वतःचा वाढवतो : 'हातात मिळणार का?'

त्या पत्रात बेसिक सॅलरी १,०००, फूड अलाउन्स ३०० आणि अदर अलाउन्स ४०० होतं. म्हणजे मूळ पगार, जेवण भत्ता आणि इतर भत्ता. हे दरमहा रोख, एकूण १,७००, वर्षाचे २०,४००. दुसऱ्या तक्त्यात राहण्याची सोय ७,२००, कामावर नेण्या-आणण्याची गाडी १,५००, विमानाचं तिकीट १,२००, आरोग्य विमा १,००० आणि ग्रॅच्युइटी ७००. सगळं मिळून बरोबर ३२,००० होतात. पण दुसऱ्या तक्त्यातलं काहीच दरमहा हातात येत नाही. खोलीसमोर 'प्रोव्हायडेड' लिहिलं होतं. त्याचं मराठी 'घरभाडे भत्ता' केलं तर सगळी गफलत. तिथे 'कंपनी खोली देणार, पैसे नाहीत' असंच लिहायला हवं.

आता मूळ पगार वेगळा का बघायचा ते सांगतो. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजतात. वर्ष पूर्ण झाल्यावर हक्क सुरू होतो. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. या मुलाचा मूळ पगार १,०००. त्याला ३० ने भागून २१ ने गुणलं की ७००, पाच वर्षांचे ३,५००. सगळे १,७०० मूळ पगार म्हणून दाखवले असते तर पाच वर्षांचे ५,९५० झाले असते. दरमहा हातात येणारी रक्कम तीच, पण शेवटी २,४५० दिरहमचा फरक. काही लोक ग्रॅच्युइटीचं मराठी 'बक्षीस' करतात. ते बक्षीस नव्हे, हक्काची रक्कम आहे. ग्रॅच्युइटी हाच शब्द ठेवावा, लोकांना तो कळतो.

रजेच्या ओळीत '३० कॅलेंडर डेज' होतं. म्हणजे सुट्टीचे वारही त्यात धरलेले. नुसतं 'वर्षाला ३० दिवस रजा' लिहिलं तर मुलगा सुट्टीचे वार वेगळे मोजणार आणि परतीचं तिकीट चुकीच्या तारखेचं काढणार.

पत्र ओमान, कुवेत किंवा बहरीनचं असेल तर आकड्यातच फसायला होतं. तिथल्या चलनात टिंबानंतर तीन अंक असतात. २५०.००० रियाल म्हणजे अडीचशे रियाल, अडीच लाख नव्हे. मोबाईलवर टिंब आणि स्वल्पविराम एकसारखे दिसतात, म्हणून मी अशी रक्कम अक्षरातही लिहितो.

हा वहीतला कागद घरच्यांना समजावा एवढ्यासाठीच. कोर्टात तो चालत नाही, तिथे अरबी मजकूर धरतात. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर अरबी-इंग्रजीसोबत आणखी एका भाषेत मिळतं. त्यात हिंदी आहे, मराठी नाही. मुलाला सांगितलं, की ते हिंदीतलं मागून घे आणि आपल्या तक्त्याशी ओळीला ओळ ताडून बघ. मूळ पगाराचा आकडा तिथे कमी दिसला तर सही करू नकोस, आधी विचार.

त्याने कंपनीला दोन प्रश्न पाठवले. 'अदर अलाउन्स' कायमचा आहे की प्रोबेशनपुरता? आणि तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी? पत्रात दोन्हीचा उल्लेख नव्हता. तिकिटाचं उत्तर आलं, दर वर्षी. भत्त्याचं अजून यायचं आहे. काकांनी तोवर बॅग घ्यायची नाही असं ठरवलंय.