शाळेची वेळ आणि पोटदुखी

ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी 1950 नंतरच्या दशकात शाळकरी मुलांच्या पोटदुखीची जी पाहणी केली, तिच्यात सुमारे दहांतील एका मुलास वारंवार पोट दुखण्याचा त्रास असल्याचे आढळले. तीन महिन्यांत निदान तीन वेळा, नित्यक्रम थांबविण्याइतके पोट दुखणे, अशी त्यांची व्याख्या होती. अशा मुलांपैकी फारच थोड्यांच्या बाबतीत जठर, आतडी वा मूत्रपिंड यांचा विकार सापडला. उरलेल्यांच्या दुखण्याचे मूळ कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना घरातील आणि शाळेतील परिस्थितीकडे वळावे लागते. या उरलेल्यांत एक गट असा असतो की, त्यांचे दुखणे शाळेची वेळ जवळ येताच सुरू होते आणि ती वेळ टळली की ओसरते. प्रस्तुत लेखात याच मुलांचा विचार केला आहे.

असे मूल ढोंग करीत असते काय? बहुधा नाही. चिंतेच्या क्षणी शरीर धोक्याला तोंड देण्याची तयारी करते. हृदयाची गती वाढते, जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. यामुळे मळमळ, पोटात कळ व शौचाची घाई होते. काही मुलांच्या आतड्यांतील संवेदना मुळातच तीव्र असतात. इतरांस जाणवणारही नाही एवढा ताण त्यांस वेदनेच्या रूपाने जाणवतो. त्यात लक्ष पोटाकडेच लागून राहिले की वेदना आणखी वाढते. सारांश, कारण मनात असले तरी कळ पोटातच येते. “तुला काही झालेले नाही” असे त्या मुलास सांगणे हे असत्य तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. कारण त्यानंतर आपले दुखणे खरे आहे हे सिद्ध करणे एवढेच काम मुलापुढे उरते.

तथापि प्रथम वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. ॲप्ली यांचा एक ढोबळ नियम आजही उपयोगी पडतो. वेदना बेंबीपासून जितकी दूर, तितका शारीरिक विकाराचा संभव अधिक. चिंतेने दुखणारे मूल ‘कोठे दुखते’ असे विचारल्यावर बहुधा बेंबीभोवती हात फिरविते. याउलट झोपेतून जागे करणारी वेदना, उजव्या बाजूस खाली स्थिरावलेली वेदना, वजनात घट वा उंची वाढणे थांबणे, ताप, शौचावाटे रक्त, वारंवार किंवा हिरवट उलटी, लघवीस जळजळ यांपैकी काहीही असल्यास ती चिंतेची पोटदुखी समजून स्वस्थ बसू नये. आपल्याकडे जंत आणि बद्धकोष्ठ यांचाही विचार आवश्यक असतो. शाळेतील शौचकूप अस्वच्छ म्हणून दिवसभर शौच रोखून धरणारी मुले थोडी नाहीत, आणि त्यांची पोटदुखी अगदी ‘शाळेची पोटदुखी’ दिसते. परंतु तपासणी एकदा नीट करावी व तेथेच थांबावे. दर आठवड्यास नवा डॉक्टर, नवे इंजेक्शन आणि नवी सोनोग्राफी यांतून मुलास एकच बोध होतो, की पोटात काही भयंकर आहे आणि ते अद्याप कोणास सापडलेले नाही.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ॲडेलेड जॉन्सन व त्यांचे सहकारी यांनी 1941 मध्ये या अवस्थेस ‘शाळाभय’ असे नाव दिले. पुढे ‘शाळानकार’ हा शब्द अधिक रूढ झाला, कारण भय शाळेचेच असते असे नाही. कोणास आईपासून दूर होण्याचे भय, कोणास चारचौघांत उभे राहण्याचे, कोणास एखाद्या दांडग्या सोबत्याचे. शाळा चुकवून उनाडणाऱ्या मुलाहून हे मूल निराळे असते. ते घरी असते, आईवडिलांस ठाऊक असते, आणि अनेकदा अभ्यासात काळजीपूर्वक असते.

हे दुखणे टिकून राहण्याचे रहस्य मात्र भयाच्या मूळ कारणाहून वेगळे आहे. सकाळी साडेनऊस कळ येते. दहा वाजता “बरे, आज राहू दे” असे आई म्हणते. साडेअकराच्या सुमारास दुखणे थांबते. दुखणे थांबले ते भीतीचा प्रसंग टळल्यामुळे. घरी राहण्याने तत्काळ सुटका होते आणि सुटकेमुळेच उद्याची कळ बळावते. शिवाय दर दिवसागणिक अभ्यास मागे पडतो, सोबती विचारू लागतात, “इतके दिवस कोठे होतास?”, आणि न परतण्याचे खरेखुरे नवे कारण भयात मिसळते. म्हणून विलंब हा येथे सर्वांत महाग पडतो. अमेरिकेतील वॉलेस केनेडी यांनी 1965 मध्ये पन्नास मुलांच्या जलद उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नुकत्याच उद्भवलेल्या अवस्थेत त्यांचा मुख्य उपाय हाच होता, की दुखण्याची फार चर्चा न करता मुलास त्वरित शाळेत परत न्यावे. चारसहा दिवसांचीच गैरहजेरी असेल तर येत्या सोमवारी पूर्ण दिवस शाळा, हाच सरळ मार्ग. अनेक आठवडे लोटले असतील तर पायऱ्यापायऱ्यांनी जावे लागते.

पुढील उदाहरण कोणा एका मुलाचे नसून अनेक मुलांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचलेले आहे. दहा वर्षांचा ‘म’ गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी उत्तीर्ण होऊन तालुक्याच्या हायस्कुलात पाचवीत गेला. एस.टी.ने सहा किलोमीटर, वर्गात साठ मुले. जुलैत तापामुळे चार दिवस घरी राहिला. परत गेल्यावर इंग्रजीच्या तासास उभे राहून वाचताना अडखळला व वर्ग हसला. पुढच्या सोमवारी पोट दुखले. आजीने दृष्ट काढली, आईने ओवा दिला, डॉक्टरांनी जंतांचे औषध दिले. ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सतरा दिवस बुडाले. तपासणीत काही निघाले नाही.

ऑगस्टमध्येच वडिलांनी चौदा दिवसांची एक वही ठेवली. तीत दुखण्याची वेळ, शून्य ते दहा असा वेदनेचा अंक आणि पुढे काय घडले एवढेच लिहिले. दोन्ही रविवारी दुखणे नव्हते. पंधरा ऑगस्टला ‘म’ झेंडावंदनास आपण होऊन गेला, त्याही दिवशी नव्हते. उरलेल्या अकरा दिवशी होते. पण दोन शनिवारी ते दोन-तीन अंकांवर राहिले आणि इतर दिवशी सात-आठवर गेले. शनिवारच्या वेळापत्रकात इंग्रजीचा तास नव्हता. एस.टी., इमारत, आईचा वियोग, या सर्वांतून संशय निघून गेला आणि एका तासावर स्थिरावला. “तुला कशाची भीती वाटते?” असे दहा वेळा विचारून जे कळले नसते ते वहीने सांगितले. या वयाच्या मुलास भीतीचे कारण पुष्कळदा सांगताच येत नाही.

वडील वर्गशिक्षकांस व इंग्रजीच्या शिक्षकांस भेटले. ठरले ते असे. दोन आठवडे ‘म’ला एकट्यास उभे करावयाचे नाही, पहिल्या आठवड्यात बाकावरील सर्वांबरोबर वाचन, दुसऱ्यात घरी तयार केलेल्या दोन ओळी, तिसऱ्यापासून इतरांप्रमाणे. सवलतीस अखेरची तारीख असणे महत्त्वाचे, नाहीतर सवलत हीच नवी पळवाट होते. शाळेत कळ आली तर शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटे बसावयाचे व वर्गात परतावयाचे; घरी फोन करावयाचा नाही.

शाळा अकरा ते पाच. आरंभ शेवटच्या दोन तासांनी केला, सकाळपासून नव्हे. सकाळी जाऊन मध्येच परत आलेले मूल कळ आली म्हणून परतते. शेवटच्या तासांस गेलेले मूल सर्वांबरोबर, घंटा झाल्यावर परतते. सोमवार-मंगळवार शेवटचे दोन तास, बुधवार ते शुक्रवार मधल्या सुट्टीनंतर, पुढील सोमवारपासून पूर्ण दिवस. शनिवारची शाळा अर्ध्या दिवसाचीच, म्हणून त्या दिवशी पूर्ण. घरी उरलेल्या वेळात दूरदर्शन व मोबाईल नाही, विशेष खाऊ नाही, बोलणी किंवा शिक्षाही नाही. पुस्तके आणि नीरस सकाळ. सकाळी “आज दुखते का?” हा प्रश्न कोणी विचारावयाचा नाही. ताप शंभरच्या वर किंवा प्रत्यक्ष उलटी असेल तरच घरी, हा नियम आदल्या रात्री सांगितलेला होता.

पहिल्या दिवशी वेदनेचा अंक आठ. वडील म्हणाले, “दुखतंय हे खरंय. दुखत असतानाच आपण दोन तास जाऊन येऊ.” फाटकाशी आठ, एका तासानंतर तीन. हे अंक ‘म’ने स्वतः वहीत लिहिले. तिसऱ्या दिवशी अंक दहावर गेला, मुलगा रडला आणि आजी म्हणाली, “एक दिवस राहू द्या रे लेकराला.” बहुतेक योजना याच ठिकाणी मोडतात. सुटका बंद झाली की मागणी काही दिवस अधिक तीव्र होते. हे अपयशाचे नव्हे, बदलाचे चिन्ह होय. पण त्या तीव्रतेपुढे एकदा नमते घेतले, तर अधिक रडल्याने काम होते असा पाठ मिळतो, आणि पुढचा प्रयत्न पहिल्याहून कठीण जातो. घरात निर्णय घेणारी माणसे तीन-चार असतील तर सर्वांचे आधीच एकमत व्हावयास हवे. येथे आजोबांनी आजीस समजाविले व ‘म’ गेला. तीन आठवड्यांनी त्याने दोन ओळी उभ्याने वाचल्या. पाचव्या आठवड्यात सोमवारी दोन-तीन अंकांची कळ येई, आणि तो तिच्यासह एस.टी.त बसे.

या रीतीची मर्यादा स्पष्ट आहे. मुलास शाळेत कोणी मारीत किंवा छळीत असेल, तर त्याला हळूहळू त्या माराची सवय लावणे हा उपचार नव्हे. प्रथम छळ थांबला पाहिजे. शिक्षकांकडून होणारी शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने बंदी आहे. अक्षरे ओळखण्यातच अडचण असलेल्या मुलास उभे करून वाचविले तर त्याची भीती रास्तच असते. त्याची वाचनक्षमता आधी तपासावी. आणि झोप, भूक व खेळ यांतील गोडी गेली असेल, मरणाची भाषा येत असेल, किंवा तीन-चार आठवडे नेटाने प्रयत्न करूनही हजेरी सुधारत नसेल, तर बालमानसतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यावे. मरणाची भाषा आली तर मात्र आठवडे मोजीत न बसता त्याच दिवशी न्यावे.

दुखणे परत येण्याच्या वेळाही बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. दिवाळीची सुट्टी, आजारपण, वर्ग वा शिक्षक बदलणे, यांनंतर पहिले दोन-तीन दिवस कळ येते. ‘म’च्या बाबतीत दिवाळीनंतरच्या सोमवारी अंक पुन्हा सहावर गेला. वडिलांनी सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवशी त्याला ठरलेल्या वेळी उठविले होते, दप्तर भरवून घेतले होते आणि शेजारच्या मुलास सोबत यावयास सांगून ठेवले होते. वही पुन्हा काढली. गुरुवारी अंक एक होता, आणि शुक्रवारी तो लिहावयाचे ‘म’ विसरला.